फुल क्रीम आणि टोन्ड दुधाचं मिश्रण : दही आणि खव्यासाठी फॅट कशी जुळवायची

🥛 *दूध प्रक्रिया : सभासदांसाठी माहिती*



आपल्या कंपनीचे बरेच सभासद आता नुसतं दूध घालत नाहीत, घरी दही लावतात, खवा काढतात, लग्नसराईत बासुंदीची ऑर्डर घेतात. घरच्या म्हशीचं दूध कमी पडलं की दुकानातून पिशवी आणून त्यात मिसळतात. यात चूक काहीच नाही. पण मिसळताना माप अंदाजाने घेतलं, तर एका दिवशी माल झकास होतो आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत आणून देतं. आजचा संदेश त्या मापाबद्दल आहे. थोडा मोठा आहे, सवडीने वाचा. हिशोबाच्या जागी वही-पेन घेऊन बसलात तर एकदाच वाचून पुरेल.

*एका ऑर्डरची गोष्ट*

मागच्या लग्नसराईत पारोळा भागातल्या आपल्या एका सभासद ताईंनी पेढ्यासाठी पाच किलो खव्याची ऑर्डर घेतली. घरी दोन म्हशी आहेत. सकाळचं १२ लिटर दूध घरचं घेतलं आणि १२ लिटर टोन्ड दुधाच्या पिशव्या आणल्या. त्यांचा हिशोब साधा होता. म्हशीची फॅट ७, टोन्डची ३, दोन्ही निम्मे-निम्मे, म्हणजे ५ फॅटचं दूध तयार.

खवा झाला, पण कोरडा. हातात घेतला तर रवाळ भुगा पडायचा, पेढा वळला की कडेला तडे जायचे. हलवाई दादांनी अर्धाच ठेवून घेतला, उरलेला परत केला. ताईंचा मला फोन आला, "भाऊ, दूध ते घरनंच शे, मंग खवा असा काबर व्हयना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुधाचा नमुना फॅट मशीनवर लावला. फॅट निघाली ५.२. सात नव्हतीच. आता आदल्या दिवशीचं मिश्रण मांडून बघा:

१२ लिटर × ५.२ = ६२.४
१२ लिटर × ३.० = ३६
बेरीज ९८.४, भागिले २४ लिटर = *४.१ फॅट*

म्हणजे ताईंना वाटत होतं आपण ५ फॅटच्या दुधाचा खवा काढतोय, आणि कढईत होतं ४.१ चं दूध. वजा झालेला जवळजवळ एक टक्का फॅट खव्याच्या मऊपणातून गेला.

मग ५.२ कशी आली? सकाळी घाई होती म्हणून पिळणं लवकर थांबवलं आणि उरलेलं पारडूसाठी सोडलं. म्हशीच्या पहिल्या धारांत फॅट सगळ्यात कमी असते, शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त. शेवटच्या धारा पारडू प्यायलं, म्हणजे मलई पारडू घेऊन गेलं. शिवाय रात्रभराचं अंतर मोठं असल्याने सकाळी दूध जास्त येतं, आणि फॅट बहुधा संध्याकाळपेक्षा कमी लागते. म्हशीची ७ हा त्यांनी कधीतरी संकलन केंद्राच्या पावतीवर पाहिलेला आकडा होता. त्या दिवसाचा नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. *मिसळायच्या दिवशी, मिसळायच्याच दुधाची फॅट मोजायची.* कालची पावती चालत नाही.

*पिशवीवर काय लिहिलेलं असतं*

पिशवीच्या दुधाचं सोपं आहे, कारण ते सरकारी मानकाप्रमाणे भरलेलं असतं. पिशवीवर दोन आकडे छापलेले असतात, फॅट आणि एसएनएफ. एसएनएफ म्हणजे दुधातून पाणी आणि फॅट काढलं की उरणारा घन भाग: प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार. कमीत कमी किती हवं ते असं:

▪️ फुल क्रीम : फॅट ६.०, एसएनएफ ९.०
▪️ स्टँडर्ड : फॅट ४.५, एसएनएफ ८.५
▪️ टोन्ड : फॅट ३.०, एसएनएफ ८.५
▪️ डबल टोन्ड : फॅट १.५, एसएनएफ ९.०

आपल्याकडे जळगाव दूध संघाची 'विकास' पिशवी मिळते, इतर कंपन्यांच्याही मिळतात. पिशवीच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो. छापलेला आकडा वाचा.

टोन्ड दूध मुळात निघालं ते याच कामातून. मुंबईच्या दूध योजनेत दारा खुरोडी यांनी म्हशीच्या जाड दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून फॅट खाली आणली, पण एसएनएफ पडू दिलं नाही. त्यालाच टोन्ड हे नाव मिळालं. खुरोडींना पुढे १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: फॅट कमी करायची, पण एसएनएफ सांभाळून. याकडे पुढे येतोच.

*चौकोनाचा हिशोब*

दोन दुधं मिसळून मधली फॅट हवी असेल तर एक चौकोन मांडायचा. डेअरीच्या अभ्यासात याला पिअर्सन चौकोन म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, रीत लक्षात ठेवा.

समजा घरी म्हशीचं १० लिटर दूध आहे, मोजलेली फॅट ६.६. दह्यासाठी ४.५ फॅटचं दूध हवं आहे. पिशवी टोन्डची, ३.०. डावीकडे दोन्ही दुधांची फॅट एकाखाली एक लिहा. मधोमध हवी असलेली फॅट लिहा. आता तिरकी वजाबाकी करा. मोठ्यातून लहान वजा करायचा आणि उत्तर समोरच्या कोपऱ्यात लिहायचं.

```
म्हैस ६.६            १.५ भाग म्हैस
           ४.५
टोन्ड ३.०            २.१ भाग टोन्ड
```

वर उजवीकडचा १.५ आला तो ४.५ मधून टोन्डचे ३.० वजा करून. खाली उजवीकडचा २.१ आला तो म्हशीच्या ६.६ मधून ४.५ वजा करून. आता आडवं वाचा. म्हशीचं दूध १.५ भाग, टोन्ड २.१ भाग.

घरचं दूध १० लिटर आहे. मग टोन्ड किती? १० × २.१ ÷ १.५ = *१४ लिटर*. एकूण २४ लिटर.

आता पडताळा. हा पडताळा कधीच सोडायचा नाही:

१० × ६.६ = ६६
१४ × ३.० = ४२
बेरीज १०८, भागिले २४ = *४.५*. जुळलं. ✅

तिरकी वजाबाकी का करायची, हेही समजून घ्या, म्हणजे घोकावं लागणार नाही. म्हशीचं दूध लक्ष्यापेक्षा २.१ ने वर आहे, टोन्ड १.५ ने खाली आहे. वरच्याने जेवढी जास्त आणली तेवढीच खालच्याने भरून काढायची आहे. जे दूध लक्ष्यापासून लांब आहे ते कमी लागतं, जे जवळ आहे ते जास्त लागतं. तराजूसारखंच आहे. लांब टोकाला थोडं वजन पुरतं.

दोन्ही पिशव्याच वापरायच्या असतील तर हिशोब आणखी सोपा. फुल क्रीम ६ आणि टोन्ड ३ यांचे मधले आकडे तोंडपाठच करून ठेवा:

▪️ ४.० फॅट हवी : १ लिटर फुल क्रीमला २ लिटर टोन्ड
▪️ ४.५ फॅट हवी : निम्मं-निम्मं
▪️ ५.० फॅट हवी : २ लिटर फुल क्रीमला १ लिटर टोन्ड

लिटरने मोजा किंवा किलोने, पण दोन्ही दुधं एकाच मापाने मोजा. एक लिटर दूध साधारण १ किलो ३० ग्रॅम भरतं, म्हणून एक दूध लिटरने आणि दुसरं काट्यावर किलोने घेतलं तर थोडा फरक पडतो.

*ताईंचा खवा, दुसऱ्यांदा*

आता परत पारोळ्याला जाऊ. ताईंना ५.५ फॅटच्या दुधाचा खवा हवा होता. म्हशीच्या दुधाचा खवा मऊ, पेढ्याला वळणारा हवा असेल तर कढईत जाणारं दूध ५ ते ५.५ च्या आसपास असावं. ४ च्या आसपास गेलं की तो कडक आणि कोरडा व्हायला लागतो.

पण घरचं दूध होतं ५.२ आणि टोन्ड ३. आता ५.५ कसं करणार? कितीही मिसळा, होणारच नाही. *मिश्रणाची फॅट दोन दुधांच्या मध्येच येते. जास्तीच्या वर किंवा कमीच्या खाली कधी जात नाही.* चौकोन मांडून वजाबाकी उलटी पडायला लागली, म्हणजे लक्ष्य दोन आकड्यांच्या बाहेर आहे, तर तिथेच थांबायचं. पिशवी बदलायची.

त्या दिवशी आम्ही टोन्डऐवजी फुल क्रीम आणली. चौकोन असा झाला. फुल क्रीम ६.०, घरचं ५.२, लक्ष्य ५.५. फुल क्रीमचे ०.३ भाग, घरच्याचे ०.५ भाग. २४ लिटरसाठी फुल क्रीम ९ लिटर, घरचं १५ लिटर.

९ × ६.० = ५४, १५ × ५.२ = ७८, बेरीज १३२, भागिले २४ = ५.५. ✅

पुढच्या आठवड्यात ताईंनी पारडू बांधून म्हशी पूर्ण पिळल्या, संध्याकाळचं दूध घेतलं. मशीनवर फॅट ७.० आली. मग टोन्ड चालली. चौकोनात घरचं २.५ भाग, टोन्ड १.५ भाग. २४ लिटरसाठी घरचं १५, टोन्ड ९.

१५ × ७.० = १०५, ९ × ३.० = २७, बेरीज १३२, भागिले २४ = ५.५. ✅

बघा गंमत. दोन्ही वेळा घरचं १५ लिटर आणि पिशवीचं ९ लिटर. पण पहिल्या वेळी फुल क्रीम लागली आणि दुसऱ्या वेळी टोन्ड पुरली. माप तेच, फॅट मोजल्यावर पिशवी बदलली. मोजलं नसतं तर दोन्हीपैकी एक घाणा बिघडला असता.

२४ लिटरमधून खवा साधारण पाच किलो निघाला. आकड्यातही तेवढाच बसतो. या मिश्रणात फॅट आणि एसएनएफ मिळून साडेचौदा टक्क्यांच्या जवळ घन भाग आहे, आणि खव्यात साधारण ७० टक्के घन भाग असतो. यापेक्षा खूप जास्त खवा निघाला तर समजा की तो ओला राहिला आहे आणि लवकर आंबेल.

*नुसत्या टोन्डचा खवा का काढू नये*

काही जण म्हणतात, खवा आटवल्यावर घट्ट होतोच, मग स्वस्त टोन्डचाच काढला तर काय बिघडलं? इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आटवताना फक्त पाणी उडतं. फॅट आणि एसएनएफ कढईतच राहतात, त्यांचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. जे प्रमाण दुधात होतं तेच खव्यात येतं.

मानकाप्रमाणे खव्याच्या कोरड्या घन भागात फॅट कमीत कमी ३० टक्के हवी. टोन्डचं गणित करा. फॅट ३.०, एसएनएफ ८.५, दोन्ही मिळून ११.५. त्यात ३ म्हणजे २६ टक्के. टोन्डचा खवा कितीही छान आटवला तरी तो मानकात बसत नाही. नमुना गेला तर नापास होईल.

ताईंच्या पहिल्या ४.१ च्या दुधाचं प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे तो खवा मानकात बसला, पण पेढ्यात बसला नाही. ५.५ च्या दुधात तेच ३८ टक्के होतं, आणि तो मऊपणा हाताला कळतो.

*आटवण्याचा हिशोब : आधी की नंतर?*

खव्यात आपण फॅट दुधाला धरून ठरवली, म्हणून प्रश्न आला नाही. पण दह्यात आणि बासुंदीत लोक इथे फसतात.

दह्यासाठी तुम्ही ४.५ फॅटचं २४ लिटर दूध केलं. उघड्या पातेल्यात बराच वेळ उकळलं आणि ते २२ लिटर राहिलं. आता फॅट किती? १०८ ला २२ ने भागा. ४.९ आली. दही चविष्ट लागेल, पण हिशोबात नसलेली फॅट त्यात गेली आणि दही दोन लिटर कमी झालं. दररोज आच वेगळी, तर दररोजचं दही वेगळं. म्हणून मोठ्या पातेल्याला आतून काठीने खूण करून ठेवा. २४ लिटर चढवलं तर किती उरलं ते खुणेवर दिसलं पाहिजे. दह्यासाठी झाकण ठेवून तापवलं तर आटणं कमी होतं.

बासुंदीत आपण मुद्दाम आटवतो. आखाजीला किंवा लग्नात बासुंदी करताना दूध निम्म्यावर आणलं, तर फॅट दुप्पट होते. साखर घालण्याआधी आटलेल्या दुधात ९ फॅट हवी असेल तर कढईत ४.५ चं दूध टाकायचं. ६ चं फुल क्रीम निम्म्यावर आणलं तर १२ होते, वर तुपकट थर येतो आणि जिभेला जड लागतं. पाहिजे असलेली फॅट गुणिले शेवटी उरणारे लिटर, भागिले सुरुवातीचे लिटर, असं केलं की सुरुवातीचं लक्ष्य मिळतं. ते लक्ष्य मग चौकोनात टाका.

*पाणी आणि टोन्ड एकच नाही*

हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. म्हशीच्या दुधाची फॅट कमीच करायची आहे, तर पिशवीला पैसे कशाला घालायचे, विहिरीचं पाणी आहे ना!

वरच्या १० लिटर दुधाचंच उदाहरण घ्या. ६.६ फॅट, आणि एसएनएफ धरू ९.२. पाणी घालून फॅट ४.५ वर आणायची तर पावणेपाच लिटरच्या आसपास पाणी लागेल. फॅट ४.५ होईल खरी, पण एसएनएफ ९.२ वरून *६.३* वर येईल. टोन्ड १४ लिटर घालून केलेल्या मिश्रणात फॅट तीच ४.५, पण एसएनएफ *८.८* राहतं.

दह्याला घट्टपणा मुख्यतः प्रथिनांमुळे येतो. विरजण लावल्यावर त्यांचंच जाळं तयार होतं आणि पाणी त्या जाळ्यात अडकतं. फॅटमुळे चव आणि मऊपणा येतो. पाणी घातलेल्या दुधात जाळंच विरळ असतं. असं दही लागतं, पण वाटी तिरकी केली की पाणी वेगळं होतं, दुसऱ्या दिवशी वर पिवळट निवळ साचते, आणि चमच्याने घेतलं तर सुटत जातं. वरून ते दूध म्हणून विकणं ही भेसळच आहे, ते वेगळं.

म्हणून दही पातळ झालं की आधी फॅटला दोष देऊ नका. फॅट ४.५ असून पातळ असेल तर एसएनएफ बघा. एसएनएफ ८.५ च्या खाली असेल तर साय काढलेल्या दुधाची भुकटी लिटरमागे १५ ते २० ग्रॅम, थोड्या कोमट दुधात आधी गुठळ्या मोडून, तापवण्याआधी घाला. आणखी फुल क्रीम ओतून खर्च वाढवू नका.

*करायचा क्रम*

आता सगळं एका ओळीत लावू. दह्याचं उदाहरण घेतो.

१) प्रत्येक दूध वेगळं तपासा. थोडं दूध पळीत घेऊन उकळून बघा. फाटलं किंवा कण दिसले तर ते दूध मिश्रणात टाकू नका. एक लिटर आंबूस दूध चोवीस लिटर घालवतं.

२) घरचं दूध नीट ढवळून मगच फॅटचा नमुना घ्या. तासभर उभं राहिलेल्या म्हशीच्या दुधावर मलई येते. वरून नमुना घेतला तर फॅट जास्त दिसते, तळातून घेतला तर कमी. एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीन वेळा ओता, तळापासून पळी फिरवा, फेस बसू द्या, मग नमुना. नमुन्यात फेस असेल तर मशीन आकडा चुकवते.

३) चौकोन मांडा, पडताळा करा, मग पिशव्या फोडा. आधी पिशव्या फोडून मग हिशोब करायचा नाही.

४) दोन्ही दुधं थंड असतानाच मिसळा. मिसळल्यावर *मिश्रणाची फॅट परत मोजा.* हिशोब ४.५ चा असेल आणि मशीन ४.४ ते ४.६ दाखवत असेल तर ठीक. जास्त फरक आला तर आधी ढवळून परत नमुना घ्या. तरी फरक राहिला तर कोणत्यातरी दुधाचा आकडा चुकीचा धरला आहे.

५) फॅट कमी निघाली तर घाबरायचं कारण नाही. मिश्रणालाच एक दूध धरा आणि परत चौकोन मांडा. समजा २४ लिटर मिश्रण ४.१ चं निघालं आणि घरी ६.६ चं दूध शिल्लक आहे. लक्ष्य ४.५. मिश्रणाचे २.१ भाग, म्हशीचे ०.४ भाग. २४ × ०.४ ÷ २.१ = साधारण साडेचार लिटर म्हशीचं दूध घालायचं.

६) सगळं मिश्रण एकत्रच तापवा. पिशवीचं दूध पाश्चराइज केलेलं असलं तरी कच्चं दूध त्यात पडलं की सगळं कच्चंच धरायचं. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. मग बोटाला सोसवेल इतकं कोमट, म्हणजे ४२-४३ अंशांवर आणा, आणि लिटरमागे १० ते २० ग्रॅम ताजं विरजण लावा. आपल्याकडच्या वैशाखात खोलीच इतकी तापलेली असते की दही लवकर लागतं. लागलं की लगेच थंडीत ठेवा, नाहीतर आंबट होतं.

*मलईचा थर वर का येतो*

एक शंका हमखास येते. फॅट बरोबर जुळली, मग एका वाटीतल्या दह्यावर जाड साय आणि दुसरीत नाही, असं का? पिशवीचं दूध अनेकदा होमोजिनाइज केलेलं असतं, म्हणजे फॅटचे कण दाबाखाली बारीक केलेले असतात, ते वर येत नाहीत. म्हशीच्या घरच्या दुधातले कण मोठे असतात, ते वर तरंगतात. मिश्रण तापवून गार करायला ठेवलं आणि न ढवळता वाट्या भरल्या तर पहिल्या वाट्यांत मलई जाते आणि शेवटच्यांत नाही. उपाय सोपा आहे. विरजण घालताना तळापासून ढवळा आणि भरताना मधूनमधून पळी फिरवत राहा. मडक्यातल्या दह्यावर गिऱ्हाइकाला साय आवडते, तिथे राहू द्या. कपात विकताना प्रत्येक कप सारखा हवा.

*विकताना*

मिश्र दुधाचं दही 'शुद्ध म्हशीचं दही' म्हणून विकू नका. दही चांगलं असलं तरी नाव खोटं ठरतं. आणि दर ठरवताना प्रत्येक घाण्याचं घरचं दूध, पिशव्या आणि निघालेला माल वहीत लिहा. तीन-चार घाणे लिहिले की कोणती पिशवी परवडते ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

ताईंच्या चुलीमागच्या भिंतीवर आता खडूने एक चौकोन काढलेला आहे. मधला आकडा कायम, ५.५. डावीकडचे दोन आकडे रोज पुसून रोज नवे लिहितात. परवा हलवाई दादांनी परत पाच किलोची ऑर्डर दिली, तेव्हा ताईंनी "दूध किती लागेल" असं विचारलंच नाही. म्हणाल्या, "आधी फॅट लावून येते."

*तुमच्यासाठी एक हिशोब :* घरी म्हशीचं ८ लिटर दूध आहे, फॅट ६.० निघाली. पिशवी टोन्ड, ३.०. दह्यासाठी ४.५ हवी. टोन्ड किती लिटर? आणि त्याच दुधापासून ५.० हवी असेल तर किती? उत्तरं पडताळ्यासह ग्रुपवर टाका. नमुना तपासायचा असेल तर सकाळी दूध संकलनाच्या वेळेतच, धुऊन कोरड्या केलेल्या बाटलीत आणा. उन्हात फिरवलेला नमुना आणू नका.

— आपला कृषी सल्लागार 🙏